स्कॅनमधला परका शब्द

समजा, एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राचं स्कॅन आलं आहे. विद्यापीठाचं बोधचिन्ह, कुलगुरूंची सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे आहे. मधल्या ओळीत ‘प्रथम श्रेणी’ असं छापलेलं दिसतं. मूळ कागदावर तिथे ‘द्वितीय श्रेणी’ होतं. कुणीतरी ते स्कॅन चित्रं संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये उघडलं, ते दोन शब्द पुसले, तशाच वळणाच्या टंकात नवे शब्द बसवले आणि फाइल पुन्हा साठवून पाठवून दिली. पडद्यावर पाहणाऱ्याला काही म्हणजे काही खटकत नाही.

पण डोळ्यांना जे एक पान दिसतं, ते प्रत्यक्षात लाखो ठिपके असतात. ए-4 आकाराचा कागद एका इंचात 300 ठिपके या मापाने स्कॅन केला की 2480 आडवे आणि 3508 उभे, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके तयार होतात. हे सगळे एकाच काचेवर, एकाच प्रकाशात, एकाच फेरीत जन्मलेले असतात. स्कॅनर किंचित तिरका असेल तर सगळे सारखेच तिरके, कागद खरबरीत असेल तर सगळीकडे तीच खरखर, फाइल दाबून लहान केली असेल तर सगळ्यांवर तोच दाब. नंतर बसवलेल्या शब्दाने यातलं काहीच भोगलेलं नसतं. म्हणून बदल शोधताना ‘हा शब्द खोटा दिसतो का?’ असं विचारून फारसा उपयोग होत नाही. ‘या शब्दाचा इतिहास शेजारच्या शब्दासारखाच आहे का?’ हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर फाइलमध्येच कुठे कुठे दडलेलं असतं, ते आपल्या या प्रमाणपत्रावर पाहू.

शिरोरेषेचा जिना

सर्वांत सुंदर पुरावा देवनागरीच्या माथ्यावरच असतो. स्कॅनरच्या काचेवर कागद अगदी काटकोनात बसणं दुर्मीळ. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा सहज येतो आणि डोळ्यांना तो जाणवतही नाही. आता शिरोरेषेकडे पाहा. तिरकी रेषा चौकोनी ठिपक्यांच्या जाळीवर उतरली की ती सरळ राहत नाही, तिच्या पायऱ्या पडतात. अर्ध्या अंशाला हिशोब असा येतो, की रेषा साधारण दर 115 ठिपक्यांमागे एक ठिपका खाली किंवा वर सरकते. आपले ‘प्रथम श्रेणी’ हे शब्द कागदावर 25 मिलिमीटर लांब असतील, तर स्कॅनमध्ये ते सुमारे 295 ठिपके लांब होतात. तेवढ्या अंतरात शिरोरेषा दोन-तीन ठिपक्यांनी सरकायलाच हवी.

चित्र सहा-आठ पट मोठं करून पाहिलं की हे स्वच्छ दिसतं. वरच्या ओळीतल्या विद्यार्थ्याच्या नावाची शिरोरेषा हळूहळू पायऱ्या उतरते. खालच्या ओळीतल्या विद्याशाखेच्या नावाचीही उतरते, त्याच उताराने. आणि मधले ‘प्रथम श्रेणी’ हे शब्द मात्र पाण्याच्या पातळीसारखे सपाट. संगणकाने लिहिलेल्या शब्दाला काचेवरचा तो अर्धा अंश माहीतच नसतो.

हुशार माणूस नवा शब्दही अर्धा अंश फिरवून बसवू शकतो. पण ठिपक्यांचं चित्र फिरवायचं म्हणजे प्रोग्रामला जुन्या ठिपक्यांच्या मधल्या जागांवरच्या छटा शेजाऱ्यांवरून हिशोबाने काढाव्या लागतात. अशा ठिपक्यांमध्ये एक नियमित पुनरावृत्ती येते. ती डोळ्यांना दिसत नाही, गणिताला दिसते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये अलिन पोपेस्कू आणि हॅनी फरीद यांनी ती पकडण्याची पद्धत 2005 साली मांडली. एक खूण लपवण्यासाठी केलेली कृती दुसरी खूण मागे ठेवते, हे या क्षेत्रात पुनःपुन्हा घडतं.

अर्थात अनेक स्कॅनर पान स्वतःच सरळ करून देतात. तेव्हा सगळ्याच शिरोरेषा सपाट होतात आणि ही कसोटी गप्प बसते. मग दुसऱ्या साक्षीदाराकडे जायचं.

कोऱ्या कागदाची खरखर

पांढरा दिसणारा कागद स्कॅनमध्ये कधीच एकसारखा पांढरा नसतो. कागदाच्या तंतूंची सावली, पृष्ठभागाचा खरबरीतपणा आणि स्कॅनरच्या संवेदकांची किंचित असमानता यामुळे शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या छटा थोड्याथोड्या वेगळ्या पडतात. संपूर्ण काळ्याला 0 आणि संपूर्ण पांढऱ्याला 255 धरलं, तर ‘कोऱ्या’ भागात 241, 244, 239, 243 असे आकडे दिसतात. हा फरक डोळ्यांना कळण्यापलीकडचा आहे.

तो डोळ्यांसमोर आणायला विनामूल्य मिळणारा GIMP हा प्रोग्राम पुरतो. त्यातलं `Levels` हे साधन उघडायचं आणि काळ्याची मर्यादा 0 वरून 225 च्या आसपास आणायची. म्हणजे 225 ते 255 एवढ्याच अरुंद पट्ट्यातल्या छटा ताणून पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत पसरतात. क्षणात पान बदलून जातं. जिथे काहीच नव्हतं तिथे कागदाचं पोत, घडीची रेघ, मागच्या बाजूच्या छपाईची पुसट छाया उमटते. स्कॅनरच्या दिव्याच्या प्रवासाच्या दिशेने जाणाऱ्या बारीक उभ्या रेघाही दिसू शकतात. स्कॅनरमध्ये संवेदकांची एकच आडवी रांग असते आणि ती पानावरून सरकत जाते. एखादा संवेदक किंचित मंद असेल, तर त्याचा दोष पानाच्या वरपासून खालपर्यंत एका रेघेत उतरतो.

आता मधल्या ओळीकडे बघायचं. जुने शब्द पुसण्यासाठी तिथे एकच पांढरा रंग भरला असेल, तर खरखरीच्या समुद्रात एक गुळगुळीत आयत उभा राहतो आणि उभ्या रेघा त्याच्या कडेला येऊन तुटतात. रंग भरण्याऐवजी कागदाचा दुसरा तुकडा आणून चिकटवला असेल, तर खरखर असते पण तीच खरखर पानावर दोनदा सापडते. खऱ्या कागदाचे दोन तुकडे ठिपक्याला ठिपका जुळणं घडत नाही.

इथेही निरपराध कारणं ओळखायला हवीत. काही स्कॅनर पार्श्वभूमी आपोआप पांढरीशुभ्र करतात. तेव्हा संपूर्ण पान गुळगुळीत असतं. काही यंत्रं फाइल लहान करण्यासाठी अक्षरं आणि कागद वेगळे करून दोन थरांत साठवतात. तेव्हा जवळजवळ प्रत्येक शब्दाभोवती चौकट दिसते. सगळ्या पानावर जे सारखं आहे, ते यंत्राचं काम असतं. एकाच जागी जे वेगळं आहे, तिथे थांबून बघायचं.

आठ आणि पाच

आता या विषयातल्या सर्वांत थक्क करणाऱ्या गोष्टीकडे येऊ. बहुतेक स्कॅन जेपीईजी या स्वरूपात साठवलेले असतात, पीडीएफच्या आतही पुष्कळदा जेपीईजीच असतं. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतं. आपल्या पानाचे असे सुमारे 1 लाख 36 हजार चौकोन होतात. प्रत्येक चौकोनातल्या 64 छटांच्या जागी ते 64 लहरींची मापं लिहितं. पहिली लहर म्हणजे चौकोनाची सरासरी छटा, पुढच्या लहरी म्हणजे त्यातले सौम्य ते तीव्र चढउतार. हे रूपांतर बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 साली प्रसिद्ध केलं. आज जगातली कोट्यवधी छायाचित्रं त्यावर उभी आहेत.

फाइल लहान होते ती पुढच्या पावलाला. प्रत्येक लहरीचं माप एका ठरलेल्या आकड्याने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणतात. या आकड्याला आपण पायरी म्हणू. प्रचलित तक्त्यात वरच्या रांगेतल्या चौथ्या लहरीची पायरी, गुणवत्ता 75 ठेवली तर 8 असते आणि 85 ठेवली तर 5. समजा, आपलं प्रमाणपत्र स्कॅनरने 75 ला साठवलं होतं. म्हणजे त्या लहरीचं माप पानावर कुठेही पाहा, ते 0, 8, 16, 24, 32, 40 असं 8 च्या पटीतच असणार. मधले आकडे उरलेलेच नाहीत.

मग कुणीतरी शब्द बदलून फाइल 85 ला साठवली. आता हीच मापं 5 ने भागली जातात. 8 भागिले 5 म्हणजे 1.6, त्याचे झाले 2. 16 भागिले 5 म्हणजे 3.2, त्याचे 3. 24 चे 4.8, म्हणजे 5. 32 चे 6.4, म्हणजे 6. आणि 40 चे बरोबर 8. उत्तरांची ही यादी पुन्हा वाचा: 0, 2, 3, 5, 6, 8. यात 1 नाही, 4 नाही, 7 नाही. पुढे मोजत गेलात तर 9, 12 आणि 15 हेही नाहीत. दोनदा साठवलेल्या चित्रात काही आकडे जवळजवळ नाहीसे होतात आणि ही गाळलेली घरं ठरावीक लयीत येतात. त्या लयीवरून पहिल्या वेळी पायरी किती होती, तेही काढता येतं. येसिका फ्रिड्रिख आणि यान लुकाश यांनी 2003 मध्ये त्याची पद्धत दाखवली.

आणि नवे शब्द? ते पहिल्या साठवणीच्या वेळी तिथे नव्हतेच. 8 च्या पायऱ्यांवर ते कधी उभे राहिले नाहीत, ते थेट 5 ला सामोरे गेले. त्यामुळे त्या जागेच्या चौकोनांमध्ये 1, 4 आणि 7 ही घरंही भरलेली असतात. आपल्या दोन शब्दांच्या पट्टीत असे दोनशेहून थोडे अधिक चौकोन येतात, म्हणजे मोजदाद करायला पुरेसे. नवे शब्द न लिहिता दुसऱ्या एखाद्या प्रमाणपत्राच्या जेपीईजीतून कापून आणले असतील, तरी त्यांच्या जुन्या चौकोनांच्या सीमा नव्या पानाच्या सीमांशी जुळायला हव्यात. नकळत तसं जुळण्याची शक्यता 64 मध्ये 1. सीमा चुकली की लय बिघडते.

यातून एक महत्त्वाची शहाणीव मिळते. अख्खं पान दोनदा साठवलेलं असणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. नोकरीच्या अर्जांमध्ये फाइलच्या आकाराची मर्यादा असते, म्हणून हजारो प्रामाणिक उमेदवार आपली स्कॅन पुन्हा दाबून लहान करतात. तेव्हा सगळ्या पानावर 1, 4, 7 रिकामे असतात. प्रश्न उठतो तो पान दोनदा साठवलेलं आणि दोन शब्द मात्र एकदाच साठवलेले असतील तेव्हा.

याच तत्त्वावर चालणारं एक लोकप्रिय साधन म्हणजे ‘एरर लेव्हल अॅनालिसिस’. ते चित्र पुन्हा एकदा साठवून कुठे किती फरक पडला, ते उजळ-काळसर नकाशात दाखवतं. पण काळ्या अक्षरांच्या धारदार कडा त्यात नेहमीच उजळ दिसतात. प्रमाणपत्र म्हणजे तर सगळा काळ्या-पांढऱ्याचा खेळ. म्हणून अक्षर उजळलं एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. त्याच आकाराच्या, त्याच जाडीच्या इतर अक्षरांशी तुलना करूनच बोलावं.

जुनं पान पोटात घेऊन आलेली फाइल

पीडीएफची गंमत आणखी वेगळी आहे. पीडीएफमध्ये बदल करून साठवलं, की पुष्कळ प्रोग्राम जुना मजकूर खोडत नाहीत. नव्या गोष्टी फाइलच्या शेवटी जोडतात आणि ‘आता हे वाचा’ अशी नोंद लिहितात. प्रत्येक वेळच्या शेवटी `%%EOF` ही खूण पडते. म्हणजे फाइलचं शेपूट पहिल्या आवृत्तीच्या खुणेपर्यंत कापलं, तर काही वेळा ‘द्वितीय श्रेणी’ लिहिलेलं मूळ पान जसंच्या तसं उघडतं. ज्याने बदल केला त्यानेच जुनी प्रतही पाठवलेली असते.

लिनक्स किंवा मॅकवर पहिली आज्ञा आधीपासून असते, दुसरीसाठी `poppler` हा विनामूल्य संच लागतो:

```
grep -a -c "%%EOF" padavi.pdf
pdfimages -list padavi.pdf
```

पहिली आज्ञा शेवटच्या खुणा मोजते, दुसरी पानात किती चित्रं आहेत ते सांगते. साध्या स्कॅनमध्ये पानभर मावणारं एकच चित्र असतं, उदाहरणार्थ 2480 बाय 3508 चं. त्यावर 300 बाय 50 चं एक इवलंसं चित्र स्वतंत्र बसलेलं आढळलं आणि त्याची जागा नेमकी श्रेणीच्या ओळीवर असली, तर पुढची चौकशी करायलाच हवी. मात्र इंटरनेटवर लवकर उघडावी म्हणून खास रचलेल्या पीडीएफमध्ये दोन खुणा मुळातच असतात, डिजिटल सही जोडतानाही फाइल शेवटीच वाढते आणि थरांत साठवणारे स्कॅनर अनेक चित्रं ठेवतात. इथेही नुसती संख्या पुरत नाही, काय कुठे आहे ते पाहावं लागतं.

यंत्रच आकडा बदलतं तेव्हा

या सगळ्या पुराव्यांवर भाळून जाण्याआधी 2013 सालची एक घटना माहीत हवी. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझल यांनी एका घराच्या आराखड्याचं झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावरचं स्कॅन तपासलं. मूळ कागदावर खोल्यांची क्षेत्रफळं 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या 14.13 च्या झाल्या होत्या. कुणी हात लावला नव्हता. जागा वाचवण्यासाठी यंत्र एकसारखी दिसणारी छोटी चित्रं एकदाच साठवून पुन्हापुन्हा वापरत होतं आणि वेगळ्या आकड्यांनाही ‘एकच’ समजत होतं. काही कागदांवर 6 चा 8 झाल्याचंही दिसलं.

याचा अर्थ दोन बाजूंनी लावायला हवा. एकाच पानावरचे दोन ‘8’ ठिपक्याला ठिपका सारखे असणं एरवी नक्कल करून चिकटवल्याची खूण मानतात, पण अशा यंत्राच्या स्कॅनमध्ये ते सगळीकडेच तसे असतात. आणि टक्केवारीत दिसलेला चुकीचा आकडा उमेदवाराने केलेलाच असेल, असंही नाही. खुलासा मागण्याआधी कुणालाही खोटारडा म्हणू नये, याला इतकं ठोस कारण दुसरं नसेल.

उलट दिशेची मर्यादाही तितकीच मोठी आहे. बदललेलं चित्र कागदावर छापून पुन्हा स्कॅन केलं, तर सारं पान नव्याने एकाच फेरीत जन्मतं. शिरोरेषा सगळ्या सारख्या तिरक्या, खरखर सगळीकडे सारखी, साठवण सगळ्यांची एकच. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र म्हणून पाठवलं तर ते लहान होऊन पुन्हा दाबलं जातं आणि जुन्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात. म्हणून खुणा सापडल्या नाहीत तर ‘कागद खरा आहे’ असं सिद्ध होत नाही, आणि पहिल्यापासून बनावट छापलेल्या पदवीवर तर संपादनाच्या खुणा नसणारच. उमेदवाराकडून स्कॅनरमधून निघालेली मूळ फाइल ईमेलने, जोडपत्र म्हणून मागवावी, हा यावरचा साधा उपाय. आपल्या बाजूनेही ती फाइल जशी आली तशी जपून ठेवावी आणि तपासणी तिच्या प्रतीवर करावी.

मग खरं कोण सांगणार?

आपल्या प्रमाणपत्रावर तीन स्वतंत्र गोष्टी एकाच जागी बोट दाखवतात: शिरोरेषा सपाट, कागद गुळगुळीत, 1-4-7 ची घरं भरलेली. एकेकटीला निरपराध कारण सापडू शकतं, तिन्ही एकाच 25 मिलिमीटरच्या पट्टीत जुळतात तेव्हा योगायोग म्हणणं अवघड होतं. तरीही एवढ्यावरून सांगता येतं ते ‘इथे बदल झाला आहे’ इतकंच. मूळ शब्द कोणता होता आणि बदल कुणी केला, हे ठिपके सांगत नाहीत. त्यासाठी उमेदवाराला मूळ प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका घेऊन बोलवायचं आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी पडताळणी करून घ्यायची. पदवीबद्दलचं अंतिम उत्तर तिथल्या नोंदवहीतच असतं.

दुसरा रस्ता आपल्याकडे आता उघडा आहे. पदव्यांच्या नोंदी ठेवणारी नॅशनल अॅकॅडमिक डिपॉझिटरी डिजिलॉकरवर चालते आणि विद्यापीठांनी तिथे भरलेली प्रमाणपत्रं उमेदवार थेट दाखवू शकतो. फक्त ते विद्यापीठाने ‘जारी केलेलं’ आहे की उमेदवाराने स्वतः चढवलेलं स्कॅन आहे, हे पाहायचं. स्वतः चढवलेलं असेल तर आपण पुन्हा शिरोरेषेपाशीच येतो.

जारी केलेल्या प्रतीवर डिजिटल सही असेल तर सगळा शोध उलटा होतो. सही करताना संपूर्ण मजकुरापासून एक ठसा काढतात. एसएचए-256 या पद्धतीत तो 256 बिटांचा असतो. मजकुरातलं एक बिट जरी बदललं तरी ठशातली सरासरी निम्मी बिटं उलटतात. स्कॅनमध्ये आपण लाखो ठिपक्यांतून दोन परके शब्द शोधत होतो. इथे कुठे बदल झाला ते शोधावंच लागत नाही. सही पडताळली की मजकूर सही केली त्या क्षणी होता तसाच आहे की नाही आणि सही कोणाची आहे, हे दोन्ही एकदमच कळतं. म्हणून ज्याला स्कॅन तपासता येतं, त्याने तपासणीची सुरुवात मात्र उमेदवाराला एकच गोष्ट विचारून करावी: जारी केलेली, सही असलेली प्रत मिळू शकेल का? मिळाली, तर शिरोरेषेच्या पायऱ्या मोजायची वेळच येत नाही. नाही मिळाली, तर कुठून सुरुवात करायची ते आता ठाऊक आहे.